सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणं: बंद ठेवावं की चालू?

प्रश्न: २०२१ ची पेट्रोल गाडी आहे, मॅन्युअल गिअर. रोज कोथरूड ते हिंजवडी. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं. बाबा म्हणतात सेल्फ आणि बॅटरी लवकर जाणार, म्हणून मी रोज गाडी चालू केली की बटण दाबून ते बंद करतो. आता गेले दोन महिने बटण नाही दाबलं तरी इंजिन बंद होत नाही. त्रास गेला म्हणून गप्प बसू की दाखवू? आणि कायमचंच बंद करून घेतलं तर? (दिवाळीत अॅम्प्लिफायर आणि डॅशकॅम बसवलाय, पण त्याचा काही संबंध नसावा.)

उत्तर:

कंसात जे लिहिलंय ना, माझा पहिला संशय तिथेच आहे. बावीस वर्षं गाड्यांची वायरिंग बघतोय. ‘त्याचा काही संबंध नसावा’ असं गिऱ्हाईक म्हणालं की मी आधी तीच वायर शोधतो.

बोनेट उघडा आणि बॅटरीचं मायनस टर्मिनल बघा. तिथे क्लॅम्पला चिकटून काडेपेटीएवढी एक काळी डबी असेल, तिच्यातून एक बारीक वायर निघालेली दिसेल. हा बॅटरी सेन्सर. बॅटरीत किती करंट गेला, किती बाहेर आला, व्होल्टेज किती, तापमान किती, हे सगळं तो सतत मोजतो. बॅटरीचं पासबुकच म्हणा. सिग्नलला इंजिन बंद करण्याआधी गाडीचा कॉम्प्युटर हे पासबुक बघतो. आत्ता इंजिन बंद केलं, दिवे, ब्लोअर, म्युझिक सगळं दोन मिनिटं बॅटरीवर चाललं, तरी पुन्हा सेल्फ मारण्याइतकी शिल्लक उरेल का? उत्तर ठाम ‘हो’ असेल तरच इंजिन बंद होतं. जरा जरी शंका असेल तर ते चालूच राहतं.

बाकीच्या अटीही असतात. इंजिन पुरेसं तापलेलं हवं. ड्रायव्हरचा पट्टा लावलेला, दार आणि बोनेट बंद हवं. गाडी मधल्या काळात थोडी तरी धावलेली हवी. ब्रेकच्या बूस्टरमध्ये व्हॅक्यूम शिल्लक हवा, कारण इंजिन बंद असताना पाच-सहा वेळा ब्रेक दाबला की तो संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. म्हणूनच सिग्नलला उगाच ब्रेक दाबत-सोडत बसलात तर इंजिन मध्येच आपोआप सुरू होतं. डिझेल गाडीत सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर जाळून साफ करण्याचं काम चालू असेल तरी ती बंद होत नाही. तुमच्यासारख्या मॅन्युअल गाडीत या सगळ्या अटी जुळल्या, गिअर न्यूट्रलला आला आणि क्लचवरचा पाय निघाला की इंजिन बंद. क्लच दाबला की चालू. यातल्या बहुतेक अटी रोज बदलत राहतात. दोन-दोन महिने सलग अडून बसते ती बहुतेक वेळा एकच, बॅटरी.

गेल्या पावसाळ्यानंतर अगदी तुमच्यासारखंच एक प्रकरण आलं होतं. साडेतीन वर्षांची छोटी एसयूव्ही, स्टार्ट-स्टॉप, म्हणजे हीच इंजिन आपोआप बंद-चालू होण्याची सोय, महिनाभर बंद. मालकाला एका ठिकाणी ‘बॅटरी गेली, बदला’ असं सांगून मोकळे झाले होते. गाडी रात्रभर माझ्याकडे ठेवली. सकाळी दार न उघडता व्होल्टेज घेतलं तर १२.३. रात्रभर विसावलेली बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.६ च्या वर दाखवते, १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. म्हणजे ही अर्ध्याच्या थोडी वर. सेल्फ मारताना व्होल्टेज १० च्या जवळ टिकलं, टेस्टरवरही बॅटरी ठीक निघाली. ती गेलेली नव्हती, उपाशी होती.

मग गाडी लॉक करून पाऊण तास तशीच ठेवली. गाडीतले कॉम्प्युटर एकेक करून झोपायला तेवढा वेळ लागतो, घाई केली तर खोटा आकडा मिळतो. त्यानंतर क्लॅम्प मीटर एकेका वायरवर लावला. अॅम्प्लिफायरची वायर ०.३ अँपिअर ओढत होती. अॅम्प बसवणाऱ्याने त्याची चालू-बंद करणारी वायर कायम करंट असलेल्या फ्यूजला जोडली होती, त्यामुळे तो रात्रंदिवस जागा. ०.३ अँपिअर ऐकायला काहीच नाही, पण बारा तासांत ते साडेतीन अँपिअर-तास होतात. पंचावन्न अँपिअर-तासांच्या बॅटरीतून दर रात्री सहा-सात टक्के गायब. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटांच्या ट्रॅफिकमध्ये तेवढं भरून निघत नाही.

पण गाडीला हे कळत का नव्हतं? कारण अॅम्पची अर्थिंग त्याने थेट बॅटरीच्या मायनसवर, सेन्सरच्या अलीकडे आवळली होती. हा करंट सेन्सरमधून जातच नव्हता. पासबुकात एंट्री नाही आणि खात्यातून पैसे मात्र जाताहेत. सेन्सरच्या हिशोबाने बॅटरी भरलेली, विसाव्याचं व्होल्टेज मात्र वेगळंच सांगतंय. दोन्हींचा मेळ बसेना म्हणून कॉम्प्युटरने स्टार्ट-स्टॉप बंद करून टाकलं. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

दुरुस्ती तासाभराची होती. अर्थिंग काढून बॉडीच्या बोल्टवर घेतली, अॅम्पची ती चालू-बंद करणारी वायर चावीबरोबर चालू होणाऱ्या फ्यूजला दिली. मग चार्जरने पाच अँपिअरवर रात्रभर सावकाश चार्ज केली, तेही चार्जरचा काळा चिमटा बॉडीला लावून. तो बॅटरीच्या मायनसवर लावला तर चार्जिंगची एंट्रीसुद्धा पासबुकात पडत नाही. जंप स्टार्ट करतानाही हेच लक्षात ठेवा. त्यानंतर गाडी आणखी एक रात्र लॉक करून ठेवली, कारण काही तास पूर्ण शांत मिळाल्याशिवाय सेन्सर आपला जुना हिशोब सोडून नवा धरत नाही. तिसऱ्या दिवशी दहा मिनिटं गाडी फिरवली आणि पहिल्याच सिग्नलला इंजिन बंद झालं. बॅटरी तीच आहे, अजून चालते आहे.

म्हणून तुम्हीही नवी बॅटरी घेण्याआधी एवढं तपासून घ्या. आणि ‘त्रास गेला’ म्हणून गप्प बसू नका. अशा गाडीत बॅटरी उतरायला लागली की सकाळी सेल्फ जड होण्याच्या कितीतरी आधी, कधी कधी दोन-तीन महिने आधी, स्टार्ट-स्टॉप थांबतं. इतकी लवकर सूचना जुन्या गाड्यांत मिळत नव्हती.

बॅटरी खरंच बदलायची वेळ आली तर एक चूक टाळा. या गाड्यांत कंपनीकडून वारंवार उतरणं-भरणं सोसणारी ईएफबी प्रकारची बॅटरी येते, महागड्या गाड्यांत त्याहून दणकट एजीएम. लेबलवर तसं लिहिलेलं असतं. त्याच ट्रेमध्ये, त्याच मापाची साधी बॅटरी दोन-अडीच हजारांनी स्वस्त बसते, गाडी मस्त सुरूही होते. पण साध्या बॅटरीचं काम असतं सकाळी एकदा जोर लावायचा आणि मग दिवसभर भरलेलं राहायचं. इथे तिला दिवसातून वीस वेळा थोडं उतरायचं आणि मधल्या दोन-चार मिनिटांत पटकन भरायचं असतं. त्यात भर म्हणजे या गाड्यांचा ऑल्टरनेटर बॅटरी मुद्दाम काठोकाठ भरत नाही. उतारावर किंवा ब्रेक मारताना फुकट मिळणारी वीज साठवायला जागा राहावी म्हणून ती साधारण ऐंशी टक्क्यांवर ठेवतो. अशा अर्धपोटी संसारात साधी बॅटरी वर्ष-दीड वर्षात मान टाकते. काही गाड्यांत नवी बॅटरी बसवल्यावर स्कॅनरने तशी नोंद करावी लागते, नाहीतर कॉम्प्युटर नव्या बॅटरीला जुनीच समजून वागवतो.

आता बाबांच्या भीतीबद्दल. ते चुकीचं बोलत नाहीत, जुन्या गाडीबद्दल बोलताहेत. साधा सेल्फ गाडीच्या आयुष्यात काही हजार, फार तर पन्नासेक हजार वेळा फिरेल या हिशोबाने बनवलेला असतो. स्टार्ट-स्टॉपच्या गाडीतला सेल्फ दोन-अडीच लाख वेळा फिरायच्या हिशोबाने बनवतात. त्याचे ब्रश, बुश, गिअर सगळं वेगळं असतं. काही गाड्यांत तर गरम इंजिन चालू करायला सेल्फ वापरतच नाहीत. मारुतीने २०१५ मध्ये सिआझमध्ये आणलेल्या पद्धतीत ऑल्टरनेटरच मोटर होऊन पट्ट्याने इंजिन फिरवतो, म्हणून क्लच दाबल्यावर सेल्फचा ‘खर्र’ आवाज येत नाही. तुमच्या गाडीत तसं असेल तर सेल्फची काळजी सोडा आणि पट्टा आणि तो ताणून धरणारा टेन्शनर यांच्याकडे लक्ष द्या. पावसाळ्यात सिग्नल सुटताना ‘चीं’ असा आवाज आला तर पट्टा घसरतोय असं समजा. तो झिजला असेल किंवा टेन्शनर ढिला पडला असेल.

दुसरी भीती इंजिनच्या बेअरिंगची. इंजिन थांबलं की क्रँकशाफ्ट आणि बेअरिंगमधला ऑइलचा थर दाबला जातो आणि पहिल्या फेऱ्यात धातू धातूला घासतो, हे खरं आहे. पण ही झीज मुख्यतः थंड इंजिन सुरू करताना होते, जेव्हा ऑइल रात्रभरात खाली उतरलेलं असतं. मिनिटभर थांबलेल्या गरम इंजिनात ऑइल जागच्या जागी असतं. शिवाय यातल्या बऱ्याच इंजिनांत बेअरिंगवर मुद्दाम वेगळा लेप देतात. माझ्याकडे लाखभर किलोमीटर चाललेल्या अशा गाड्या येतात. त्यांच्या बॅटऱ्या मी बदलल्या आहेत, पट्टे बदलले आहेत. स्टार्ट-स्टॉपमुळे बेअरिंग गेलेली एकही पाहिलेली नाही. ऑइल मात्र मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच ग्रेडचं घाला. ‘जाड ऑइल म्हणजे जास्त संरक्षण’ हा हिशोब इथे उलटा पडतो.

मग फायदा किती? तुमच्याच रस्त्यावर मांडून बघू. एवढं पेट्रोल इंजिन गरम झाल्यावर एसीशिवाय उभ्या उभ्या तासाला साधारण ०.६ लिटर पितं, म्हणजे मिनिटाला दहा मिलिलिटर. पुन्हा चालू करताना लागणारं पेट्रोल पाच-सहा सेकंद उभं राहण्याइतकं, म्हणजे सुमारे एक मिलिलिटर. समजा जाता-येता मिळून इंजिन बारा वेळा बंद झालं आणि एकूण आठ मिनिटं बंद राहिलं. ऐंशी मिलिलिटर वाचलं, बारा परत गेलं, हातात अडुसष्ट. महिन्याचे चोवीस दिवस धरले तर दीड लिटरच्या थोडं वर. लिटरला १०५ रुपये धरून महिन्याला सुमारे १७० रुपये, वर्षाला दोन हजार. तीन-चार वर्षांत सहा ते आठ हजार, आणि त्यातून ईएफबी बॅटरीचे जास्तीचे दोन-अडीच हजार वजा. उरतं ते बरंच आहे, पण कोणी ‘मायलेज दुप्पट होतं’ म्हणालं तर हसून सोडून द्या. हायवेवर चालणाऱ्याला तर जवळपास काहीच मिळत नाही.

याच हिशोबात कधी बंद ठेवायचं तेही दडलेलं आहे. थांबा पाच-सहा सेकंदांपेक्षा छोटा असेल तर पेट्रोल वाचतच नाही, सेल्फ आणि बॅटरीला फुकटचा व्याप होतो. हिंजवडी फेज वनच्या आधी संध्याकाळी जी रांग लागते, दहा फूट सरका, थांबा, पुन्हा दहा फूट सरका, तिथे बटण दाबून बंद करा. किंवा बटणाला हातही न लावता गिअर पहिल्यात आणि क्लच दाबलेला ठेवा, इंजिन चालूच राहील. पण याची सवय लावू नका, क्लच बेअरिंगला ते मानवत नाही. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत हे काम ब्रेकवर होतं: पेडल हलकं धरलं तर इंजिन चालू राहतं, जोरात दाबलं तर बंद होतं. चार दिवसांत पायाला अंदाज येतो. सिग्नलवर सेकंदांचा आकडा दिसत असेल तर सोपंच आहे. पंधराच्या वर असेल तर होऊ द्या बंद.

एप्रिल-मेच्या दुपारी मी स्वतः बटण दाबून टाकतो. एसीचा कॉम्प्रेसर बहुतेक गाड्यांत इंजिनच्या पट्ट्यावर चालतो. इंजिन थांबलं की फक्त ब्लोअर हवा फेकत राहतो आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात ती कोमट होते. केबिन तापली की गाडी स्वतःच इंजिन चालू करते, म्हणजे बचतही नाही आणि गारवाही नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत आणखी एक गोष्ट होते. एसीच्या गार जाळीवर साचलेलं पाणी वाफाळून आत येतं, काचा धुरकटतात आणि ओल्या फडक्यासारखा वास येतो. त्या वासासाठी लोक माझ्याकडे एसी धुऊन घ्यायला येतात, आणि निम्म्या वेळा मी त्यांना फक्त ते बटण दाखवतो.

पावसात एक प्रसंग असा आहे की तिथे हयगय करू नका. रस्त्यावर पाणी साचलंय, सायलेन्सर बुडेल इतकं, आणि पुढची गाडी थांबली. इंजिन चालू असतं तोवर धुराचा दाब पाणी बाहेर ढकलत असतो. त्या क्षणी ते आपोआप बंद झालं तर पाणी सायलेन्सरमधून मागे शिरू शकतं. म्हणून पाण्यात घालण्याआधीच बटण दाबा. आणि पाण्यात इंजिन बंद पडलंच, कशानेही, तर क्लच किंवा चावी पुन्हा पुन्हा मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. सेल्फच्या चिंतेपेक्षा हा खर्च कितीतरी मोठा.

टर्बो पेट्रोल किंवा डिझेल असेल तर खंबाटकीसारखा घाट चढून लगेच टोलच्या रांगेत उभं राहिल्यावर मिनिटभर इंजिन चालू राहू द्या. टर्बो त्या वेळी प्रचंड तापलेला असतो आणि त्यातून ऑइल फिरत राहणं गरजेचं असतं. बऱ्याच गाड्या हे स्वतः सांभाळतात, पण बटणाला किती वेळ लागतो? रिव्हर्स घेताना, चढावर गाडी पार्क करताना मागे-पुढे करायचं असेल तेव्हाही मी बंद ठेवतो, तिथे कारण फक्त डोक्याला शांतता. आणि तुमची रोजची फेरी दोन-तीन किलोमीटरचीच असती, तर मी सरळ रोज बंद ठेवा म्हणालो असतो, कारण एवढ्या अंतरात बॅटरी भरतच नाही.

कायमचं बंद करण्याबद्दल. दर वेळी चावी फिरवली की ते पुन्हा चालू होतं, कारण गाडीचं इंधन आणि धुराचं प्रमाणपत्र ते चालू धरून घेतलेलं असतं. सरकारच्या इंधन-कार्यक्षमतेच्या हिशोबातही कंपन्यांना या सोयीबद्दल थोडी सूट मिळते. बाजारात बटणाची शेवटची स्थिती लक्षात ठेवणाऱ्या छोट्या डब्या मिळतात. तयार कनेक्टरमध्ये बसणारी असेल तर निदान नुकसान नाही, पण वॉरंटीतल्या गाडीत वायर कापून काहीही जोडू देऊ नका. काहीजण बोनेटच्या स्विचची पिन काढून टाकतात. गाडीला बोनेट उघडं वाटतं आणि स्टार्ट-स्टॉप थांबतं. हे मात्र करू नका, आणि त्याचं कारण मला अनुभवाने माहीत आहे. असा स्विच फक्त सोय बंद करायला नसतो. सात-आठ वर्षांपूर्वी एका गाडीत कोणीतरी त्या स्विचशी उलटा खेळ केला होता, बोनेट उघडलं तरी गाडीला बंदच वाटावं असा. गाडी शॉपमध्ये आणली तेव्हा इंजिन आपोआप बंद झालेलं होतं, चावी चालूच. माझा पोरगा पट्टा तपासायला वाकला, आणि मालकाने आत बसल्या बसल्या क्लच दाबला. बोट वाचलं, नख गेलं. तेव्हापासून चावी माझ्या खिशात आल्याशिवाय कोणी बोनेटखाली हात घालत नाही. तुम्हीही घालू नका. इंजिनचा आवाज नाही म्हणजे गाडी बंद आहे असं या गाड्यांत धरून चालत नाही.

तेव्हा तुमच्यासाठी क्रम असा. येत्या शनिवारी रात्री गाडी लॉक करा, रविवारी सकाळी दार उघडण्याआधी साध्या मल्टिमीटरने व्होल्टेज घ्या. बोनेट रात्रीच खटका काढून नुसतं टेकवून ठेवलंत तर गाडी जागी न करता मोजता येईल. १२.४ च्या खाली आलं तर अॅम्प आणि डॅशकॅम दोन्हींची अर्थिंग कुठे आवळली आहे ते बघा आणि डॅशकॅमचा ‘पार्किंग मोड’ चालू असेल तर बंद करा, तोही रात्रभर पितो. वायरी नीट करून बॅटरी चार्ज केल्यावर एक रात्र गाडीला हात लावू नका. त्यानंतरही आठवडाभरात सिग्नलला इंजिन बंद होत नसेल, तर बॅटरी टेस्टरवर लावून घ्या. पाच वर्षं जुनी बॅटरी असेल, तर मग ती खरंच गेलेली असू शकते.